मुलाखतीसाठी सोय मागताना: मेलमध्ये काय लिहायचं आणि काय नाही

गेल्या पावसाळ्यात माझी मावसबहीण कराडहून माझ्याकडे पुण्याला आली ती लॅपटॉपवर न पाठवलेला एक मेल घेऊन. खराडीतल्या एका कंपनीत ज्युनियर अकाउंटंटच्या जागेसाठी तिची प्राथमिक निवड झाली होती आणि पहिला राउंड फोनवर होणार होता. तिला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. मशीन लावते. समोर बसून बोललं तर सगळं कळतं, फोनवर मात्र निम्मं निसटतं. मेलची सुरुवात अशी होती: "मी सहा वर्षांची असताना मला मोठा ताप आला होता..." पुढे कुठले डॉक्टर काय म्हणाले, कॉलेजात मागच्या बाकावर बसून किती त्रास झाला, तरी पहिला वर्ग कसा मिळवला, आणि शेवटी "आपल्याला होणाऱ्या त्रासाबद्दल क्षमा असावी". सोबत ऑडिओग्राम, म्हणजे कानाच्या तपासणीचा रिपोर्ट, जोडलेला होता.

मी मेल दोनदा वाचला. तिला काय हवं आहे, हे त्यात कुठेच नव्हतं. फोनऐवजी व्हिडिओ कॉल करा, एवढं एक वाक्य लिहायचंच राहून गेलं होतं.

मी गेली अकरा वर्षं कंपन्यांसाठी मुलाखती लावून देण्याचं काम करते. उमेदवार, पॅनेल, वेळ, लिंक, खोली, हे सगळं जुळवणारी जी व्यक्ती असते ती मी. असे मेल माझ्याकडे येतात आणि बहुतेकांत हीच गोष्ट दिसते: आजाराबद्दल खूप, सोयीबद्दल थोडं. म्हणून हा लेख. उदाहरण बहिणीचंच घेते, कारण तिच्या प्रकरणात जे जे बिघडू शकतं त्यातलं बरंच बिघडलं आणि बरंच सावरताही आलं.

मेल कुणाकुणाच्या हातात जातो

तुम्हाला वाटतं की तुम्ही एका माणसाला लिहिताय. तसं नसतं. तुमचा मेल रिक्रूटरकडे येतो. तो कोऑर्डिनेटरकडे, म्हणजे माझ्यासारखीकडे, फॉरवर्ड करतो. मी तो पॅनेलमधल्या दोघा-तिघांना पाठवते, कारण व्हिडिओ कॉल त्यांनाच करायचा असतो. घाई असली की मेलमधला मजकूर तसाच्या तसा कॅलेंडरच्या निमंत्रणात चिकटवला जातो. शिवाय भरतीच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या अर्जाखाली तो नोंदला जातो आणि सहा महिन्यांनी तुम्ही दुसऱ्या जागेसाठी अर्ज केलात, तर तेव्हाच्या रिक्रूटरलाही दिसतो.

यात कुणाचा वाईट हेतू नसतो. पण याचा अर्थ असा, की ज्यांनी तुमचा बायोडेटाही अजून उघडलेला नाही अशा पाच-सहा जणांच्या हाती तुमच्या तापाची, ऑपरेशनची, गोळ्यांची माहिती आधी पोचते. एकदा पोचलेली माहिती परत घेता येत नाही. म्हणून मेल लिहिताना मी एकच कसोटी लावते: ज्याला लिंक बदलायची आहे किंवा खोली बदलायची आहे, त्याला ते काम करण्यासाठी हे वाक्य लागणार आहे का? लागणार नसेल तर ते वाक्य काढायचं.

या कसोटीवर बहिणीचा ताप गेला, डॉक्टर गेले, कॉलेज गेलं, ऑडिओग्राम गेला. पहिला वर्ग तर बायोडेटात होताच.

आधी स्वतःशी ठरवा: नेमकं अडतं कुठे

मेल लिहायच्या आधीची ही पायरी लोक वगळतात. "मला कमी ऐकू येतं" हे अडचणीचं नाव झालं. मुलाखतीत नेमकं कुठे अडतं, ते वेगळं. मी बहिणीला विचारलं, फोनवर नक्की काय होतं? ती म्हणाली, "ताई, आकडे. आठ आणि साठ मला सारखेच ऐकू येतात."

याला कारण आहे. साध्या फोन कॉलमध्ये आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा पुढे जातो. स, श, फ या वर्णांचा बराचसा भाग त्याच्या वर असतो, म्हणजे फोनवर तो मुळातच कापला जातो. चांगले कान असलेला माणूस संदर्भावरून भरून काढतो. ज्याला उंच स्वर आधीच कमी ऐकू येतात, त्याच्यासाठी "साठ"मधला स नाहीसा होतो आणि उरतो "आठ". इंग्रजीतले फिफ्टी आणि सिक्स्टी यांचं तेच. नव्या फोरजी कॉलमध्ये पट्टा रुंद असतो, पण ओठ दिसत नाहीत ते नाहीतच. आणि अकाउंट्सच्या मुलाखतीत आकडेच तर विचारतात.

तर अडचण दोन ठिकाणी होती: चेहरा दिसत नाही, आणि आकडे निसटतात. त्यावरून हव्या असलेल्या सोयीही दोनच निघाल्या. व्हिडिओ कॉल, आणि आकडे चॅटमध्ये लिहून.

तिने स्वतःहून यादी केली होती ती सात गोष्टींची. सावकाश बोला, एका वेळी एकानेच बोला, पंखा बंद ठेवा, मागे खिडकी नको, प्रश्न आदल्या दिवशी पाठवा, असं बरंच काही. मी तिला दोनच ठेवायला लावल्या. कोऑर्डिनेटर म्हणून सांगते: दोन गोष्टी मागितल्या तर दोन्ही होतात, सात मागितल्या तर त्यातल्या कुठल्या तरी तीन होतात आणि त्या तीन कुठल्या हे तुमच्या हातात राहत नाही. बाकीच्या गोष्टी मुलाखतीच्या वेळी तोंडी सांगता येतात. प्रश्न आदल्या दिवशी मागणं मात्र मी पूर्ण काढलं. मुलाखत कशी घ्यायची यात बदल मागता येतो, पण काय तपासायचं यात बदल मागितला की बहुतेक ठिकाणी नकार येतो, आणि तो पूर्ण मेललाच लागतो.

इथेच मर्यादाही समजून घ्या. ही जागा ग्राहकांचे फोन घेण्याची असती, तर फोनऐवजी व्हिडिओ मागून मुलाखत पार पडली असती, पण कामाचं काय, हा प्रश्न उरलाच असता. जे काम रोज करायचं आहे त्याचा गाभाच जर अडचणीत येत असेल, तर सोयीची चर्चा मुलाखतीपुरती ठेवून चालत नाही. बहिणीच्या कामात फोन क्वचित आणि मेल दिवसभर, म्हणून तिथे हा पेच नव्हता.

सर्टिफिकेट नाही, मग मागता येतं का?

बहिणीचा खरा अडसर हा होता. तिचा ऐकण्याचा ऱ्हास दोन्ही कानांत पंचावन्न डेसिबलच्या आसपास आहे. तिच्याकडे दिव्यांग प्रमाणपत्र नाही. "मग मी कुठल्या तोंडाने मागू?" असं ती म्हणाली.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. त्याच्या परिशिष्टात एकवीस प्रकारचं दिव्यांगत्व दिलं आहे. त्यात "ऐकायला कमी येणं" याची व्याख्या दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबलचा ऱ्हास अशी आहे. त्या व्याख्येत बहीण बसत नाही. नोकरीतलं आरक्षण तर निदान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांसाठी आहे. तेही तिला लागू नाही. पण याच कायद्यात "दिव्यांग व्यक्ती"ची मूळ व्याख्या याहून रुंद आहे: शरीराची, मनाची, बुद्धीची किंवा इंद्रियांची दीर्घकाळची उणीव, जी आजूबाजूच्या अडथळ्यांमुळे माणसाला इतरांच्या बरोबरीने सहभागी होऊ देत नाही. त्यात टक्के नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात हेच स्पष्ट केलं. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा त्रास होता आणि चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र नसल्यामुळे लेखनिक नाकारला गेला होता. न्यायालय म्हणालं, वाजवी सोय आणि चाळीस टक्क्यांची अट यांची गल्लत करू नका.

थोडक्यात, आरक्षण मागायला प्रमाणपत्र लागतं. सोय मागायला ते असलं तर उत्तम, नसलं तरी मागता येतं.

खासगी कंपनीबद्दल मात्र सरळ सांगायला हवं. सोय पुरवण्याचं बंधन कायद्याने सरकारी आस्थापनांवर नाव घेऊन घातलं आहे. खासगी कंपन्यांना समान संधी धोरण जाहीर करावं लागतं, आणि वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर २०१७ च्या नियमांप्रमाणे त्या धोरणात दिव्यांगांसाठी कोणत्या सोयी आहेत, निवड कशी होते आणि संपर्क अधिकारी नेमल्याची नोंद यायला हवी. हे धोरण शक्यतो वेबसाइटवर ठेवायचं असतं. म्हणून मेल लिहिण्याआधी कंपनीच्या साइटवर दहा मिनिटं घालवा. बहुतेक वेळा करिअरच्या पानाच्या तळाशी ते सापडतं. त्यात मुलाखतीच्या सोयीसाठी वेगळा मेल पत्ता दिला असेल, तर तुमचा मेल तिथे आणि रिक्रूटरला प्रत, असा पाठवा. कायद्याचं कलम मात्र पहिल्या मेलमध्ये लिहू नका. ज्याने अजून नकार दिलेला नाही त्याला कायदा दाखवला, तर तो मेल माझ्याऐवजी लीगलकडे जातो आणि चार दिवस तिथेच राहतो.

अर्ज भरताना एक गोंधळ फार होतो. ऑनलाइन फॉर्मवर "अकॉमोडेशन हवं आहे का?" असा प्रश्न इंग्रजीत असतो. आपल्याकडे अकॉमोडेशन म्हणजे राहायची सोय, म्हणून पुण्यातला उमेदवार सरळ "नाही" लिहितो. तिथे विचारलेलं असतं ते मुलाखतीतल्या सोयीबद्दल. त्याच फॉर्मवर दिव्यांगत्वाची नोंद करणारा दुसरा प्रश्नही असू शकतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. पहिल्याला "हो" म्हणून दुसरा "सांगू इच्छित नाही" असा सोडता येतो, तसा पर्याय दिला असेल तर. विलायतेत अर्ज करणाऱ्यांना हीच गोष्ट "रीझनेबल अॅडजस्टमेंट" या नावाने दिसेल.

मेल कधी पाठवायचा

वेळ ठरली की त्याच दिवशी. अर्जासोबत पाठवायची गरज नाही, कारण तेव्हा मुलाखत होणार की नाही हेच ठरलेलं नसतं आणि मेल विसरला जातो. आदल्या रात्रीही नको. पॅनेलमधल्या माणसाला व्हिडिओची लिंक, खोली, लॅपटॉप जुळवायला मला तीन कामाचे दिवस लागतात. दुभाष्या लागणार असेल, म्हणजे सांकेतिक भाषेचा, तर आठवडाही कमी पडतो, तेव्हा वेळ ठरवतानाच सांगा.

बहिणीचा मेल, जसा गेला तसा

मेल इंग्रजीत गेला. इथे मराठीत देते.

विषय: मुलाखतीसाठी सोयीची विनंती, ज्युनियर अकाउंटंट, मंगळवार सकाळी ११

नमस्कार,

मंगळवारी सकाळी ११ ची वेळ मला चालेल. धन्यवाद.

मला कमी ऐकू येतं. समोरच्याचा चेहरा दिसत असला की मी व्यवस्थित बोलू शकते, फोनवर ते जमत नाही. त्यासाठी दोन विनंत्या आहेत.

१. फोनऐवजी व्हिडिओ कॉल घ्यावा, मुलाखत घेणाऱ्यांचा कॅमेरा सुरू असावा आणि मला कॅप्शन लावता यावेत.

२. प्रश्नात आकडे असतील तर ते चॅटमध्येही लिहावेत.

याबद्दल काही विचारायचं असल्यास कृपया मेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर विचारावं. शुक्रवारपर्यंत कळलं तर मला तयारी करता येईल.

आपली नम्र,

आणि खाली नाव.

यात माफी नाही, हे पाहा. तिने "त्रासाबद्दल क्षमस्व" परत घालायचा खूप आग्रह धरला. आपल्याकडे नम्रतेची ती सवयच आहे. पण माफी मागितली की वाचणाऱ्याला वाटतं आपण काही उपकार करतोय, आणि उपकार टाळता येतो. "कृपया", "विनंती", "धन्यवाद" एवढी नम्रता पुरते. दुसरं टोकही नको. "माझा हक्क आहे" ही भाषा नकार आल्यानंतरची.

विषयाच्या ओळीत पद आणि वेळ आहे, कारण माझ्याकडे दिवसाला शंभर मेल येतात आणि मी वेळेवरूनच शोधते. "कमी ऐकू येतं" एवढंच लिहिलं आहे. किती, कशामुळे, कधीपासून हे नाही. ऐकण्याच्या बाबतीत एवढं सांगावंच लागतं, नाहीतर कॅप्शन का हवेत ते कळत नाही. पण कित्येक आजारांत तेवढंही सांगावं लागत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याला चार तासांच्या चाचणीत मध्येच खावं लागतं. त्याने लिहायचं: "वैद्यकीय कारणामुळे मला दर दोन तासांनी दहा मिनिटं लागतात आणि सोबत खाऊ आणि एक छोटं उपकरण ठेवावं लागतं." उपकरणाचा उल्लेख यासाठी, की चाचणीच्या खोलीत फोन आणि गॅजेट काढून घेतात आणि ग्लुकोमीटरही त्यात जातो. डायबेटिस हा शब्द नाही लिहिला तरी सोय होते. मानसिक आजाराच्या गोळ्यांमुळे सकाळी जड वाटत असेल तर "सकाळी ११ नंतरची वेळ मिळाली तर बरं, वैद्यकीय कारण आहे" एवढं पुरतं. गोळीचं नाव, आजाराचं नाव, दोन्ही घरी राहू द्या.

अडखळत बोलणाऱ्यांना मात्र मी उलट सल्ला देते. तिथे नाव घ्या: "मी अडखळत बोलते, उत्तराला थोडा जास्त वेळ लागेल, मध्ये वाक्य पूर्ण करून देऊ नये." कारण ते पहिल्या मिनिटात दिसणारच असतं, आणि आधी सांगितलं नाही तर पॅनेल त्याला घाबरणं समजतं.

उत्तर आलं, पण फोनवर

गुरुवारी दुपारी बहिणीच्या फोनवर दोन मिस्ड कॉल आले. कंपनीच्या नंबरवरून. मेल वाचून कुणीतरी "बोलून घेऊ" म्हणून फोन केला होता. फोनवर ऐकू येत नाही असं लिहिलेल्या मेलचं उत्तर फोनवर, हे अजिबात दुर्मिळ नाही. फोन लावणं आमच्या हाताला इतकं सवयीचं आहे की मेलमधलं शेवटचं वाक्य डोळ्यांखालून जातं. तिला वाटलं, संपलं सगळं. मी तिला उलट फोन करू दिला नाही, आणि लगेच मेल करायला लावला: "आपला फोन आला होता असं दिसलं. फोनवर मला नीट कळणार नाही, म्हणून मेलवर उत्तर देते आहे. काय विचारायचं होतं ते कृपया इथे लिहाल का?" वीस मिनिटांत उत्तर आलं. एवढंच विचारायचं होतं, की कुठलं ॲप चालेल.

उत्तर आलंच नाही, तर दोन कामाच्या दिवसांनी त्याच मेलवर एक ओळ: "शुक्रवारची आठवण करून देते." तरी नाही आलं तर कंपनीच्या धोरणात दिलेल्या संपर्क अधिकाऱ्याला.

काही ठिकाणी विचारतात, "नेमका काय प्रॉब्लेम आहे?" याचं उत्तर परत अडचणीतच द्या, आजारात नको: "फोनवर बोलणं कळत नाही, चेहरा दिसला की कळतं. कामात फोनचा भाग कमी आहे असं जाहिरातीत वाचलं, त्यामुळे कामावर त्याचा परिणाम होणार नाही." एकदा शांतपणे दिलेलं उत्तर बहुतेकांना पुरतं.

काही ठिकाणी डॉक्टरांचं पत्र मागतात. ते मागणं गैर नाही. पण फाइल पाठवू नका. ऑडिओग्राम, डिस्चार्ज कार्ड, प्रिस्क्रिप्शन यांत तुमच्या मुलाखतीशी संबंध नसलेलं खूप काही असतं. तुमच्या ऑडिओलॉजिस्टकडून किंवा डॉक्टरांकडून लेटरहेडवर तीन ओळी घ्या: ही व्यक्ती माझ्या तपासणीखाली आहे, तिला फोनवरचं संभाषण समजायला अडचण येते, कॅप्शनसह व्हिडिओ कॉल योग्य राहील. तारीख, सही, नोंदणी क्रमांक. बहिणीच्या ऑडिओलॉजिस्टबाईंनी हे पत्र लगेच दिलं, आणि ते लागलंच नाही, तरी तिच्याकडे तयार आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, असेल तर त्याची प्रत पुरते, फक्त लक्षात ठेवा की त्यावर दिव्यांगत्वाचा प्रकार आणि टक्के छापलेले असतात.

"आमची प्रक्रिया सगळ्यांना सारखीच आहे" असं उत्तर आलं, तर पर्याय सुचवा. "व्हिडिओ शक्य नसेल तर मी प्रत्यक्ष ऑफिसला येऊ शकते, वेळ तीच ठेवू." नकार बऱ्याचदा सोयीला नसतो, कोऑर्डिनेटरच्या कामाच्या गुंत्याला असतो, आणि तुम्ही सोपी वाट दिलीत की तो निघून जातो. तरीही साफ नकार आला, तर तो लेखी मागून ठेवा. पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, तिथे तक्रार करता येते. लेखी नकार नसेल तर तक्रारीत दाखवायला काही उरत नाही.

सरकारी भरतीत हे सगळं वेगळ्या वाटेने जातं. तिथे सोय अर्जातच नोंदवायची असते, ठरवून दिलेल्या नमुन्यातल्या प्रमाणपत्रासह, आणि अर्जाची मुदत संपल्यावर काही करता येत नाही. लेखनिक, तासाला निदान वीस मिनिटं जादा वेळ, यांचे नियम जाहिरातीत दिलेले असतात. मुलाखतीच्या पत्राची वाट न बघता अर्ज भरतानाच ते वाचा.

मुलाखतीचा दिवस

मंगळवारी बहीण माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसली, कारण तिथे नेट चांगलं चालतं. मिक्सर, कुकर, सगळं बंद. पावणेअकराला लिंक उघडून कॅप्शन चालतात का ते पाहिलं. हे आधी पाहायलाच हवं, कारण काही कंपन्यांच्या मीटिंगमध्ये कॅप्शनची परवानगी कॉल घेणाऱ्याच्या हातात असते.

अकराला तीन जण आले. दोघांना माहीत होतं, तिसरे आयत्या वेळी बदली आलेले होते आणि त्यांचा कॅमेरा बंद होता. याची तयारी ठेवायची असते. तिने सुरुवातीलाच म्हणायची दोन वाक्यं पाठ केली होती: "सुरुवातीलाच सांगते, मला कमी ऐकू येतं, म्हणून मी तुमच्या चेहऱ्याकडे आणि कॅप्शनकडे बघत असेन. सर, तुमचा कॅमेरा सुरू केलात तर बरं होईल." कॅमेरा सुरू झाला. मुलाखत पुढे गेली. वर्णन नाही, इतिहास नाही, पंधरा सेकंद.

कॅप्शनवर पूर्ण विसंबू नका. ते दोन-तीन सेकंद मागे असतात, आणि इंग्रजीत मराठी-हिंदी मिसळली की भलतंच काही लिहितात. जीएसटी, टीडीएस, माणसांची आडनावं, इथे ते हमखास चुकतात. एका प्रश्नात कॅप्शनवर "साठ दिवस" आलं आणि तिच्या कानांना "आठ दिवस" वाटलं. तिने उत्तर दिलं नाही. विचारलं, "पेमेंटची मुदत साठ दिवस, सहा-शून्य, बरोबर ना?" प्रश्न विचारणाऱ्या बाईंनी चॅटमध्ये ६० लिहिलं. हा प्रश्न परत विचारणं तिला आधी कमीपणाचं वाटायचं. अकाउंट्सच्या पॅनेलला तो आकडा तपासून घेणारा उमेदवार दिसला.

उत्तर द्यायला दोन सेकंद उशीर होतो, त्याचंही एकदा सांगून टाका: "कॅप्शन थोडे मागे असतात, म्हणून मी थांबून उत्तर देते." नाहीतर समोरचा मध्येच पुढचा प्रश्न विचारतो आणि दोन्ही निसटतात.

पुढचा राउंड

दुसरा राउंड ऑफिसात होता आणि कोऑर्डिनेटर नवीन होती. आधीची सोय आपोआप पुढे जाते असं समजू नका. मुलाखत लावणारं माणूस बदललं की ती माहिती बहुतेक वेळा मागेच राहते. बहिणीने पहिलाच मेल फॉरवर्ड केला, वर दोन ओळी घालून: "पहिल्या राउंडला ही सोय मिळाली होती आणि तिचा खूप उपयोग झाला. प्रत्यक्ष भेटीत छोटी, शांत खोली आणि टेबलाच्या एकाच बाजूला पॅनेल, म्हणजे सगळ्यांचे चेहरे दिसतील, एवढं पुरेल." त्या दिवशी तिला ज्या खोलीत बसवलं तिथला एसी घरघरत होता. तिने बसायच्या आधीच सांगितलं, आणि त्यांनी खोली बदलली.

नोकरी मिळाल्यावर जॉइनिंगच्या कागदांत आरोग्याचा फॉर्म येतो. तिथे थेट प्रश्न असेल तर खरं तेच लिहा. तिथे लपवलेलं पुढे विम्यात आणि नोकरीत दोन्हीकडे आडवं येतं. बहिणीने "श्रवणयंत्र वापरते" असं लिहिलं आणि त्याच दिवशी आयटीकडे डेस्कफोनऐवजी हेडसेट आणि मीटिंगच्या कॅप्शनची रिक्वेस्ट टाकली. तो मेल तिने मला न विचारता लिहिला. चार ओळींचा होता.